उत्तर ३१३, पुस्तकातही ३१३, तरी गुण शून्य?

पानगळ

लेकीच्या रसायनशास्त्राच्या चाचणीवरून घरात दोन दिवस धुसफूस चालली आहे. मी कॉमर्सवाली, त्यामुळे मला निवाडा करता येत नाही. प्रश्न जसाच्या तसा देते:

"२० अंश सेल्सिअसला एका वायूचे आकारमान २५० मिली आहे. दाब स्थिर ठेवून आकारमान दुप्पट करायचे असल्यास वायू किती तापमानापर्यंत तापवावा लागेल?"

तिने असं सोडवलं. आकारमान दुप्पट म्हणजे तापमान दुप्पट. विसाची दुप्पट चाळीस. वायूच्या गणितात केल्विन लागतं, म्हणून ४० मध्ये २७३ मिळवले. उत्तर ३१३ केल्विन.

पुस्तकाच्या मागे उत्तर आहे ३१३ अंश सेल्सिअस. पेपरावर लाल शाईत भोपळा. तिचं म्हणणं, "आकडा बरोबर आहे, एकक चुकलं, तर अर्धा गुण कापा. सगळे कसे कापता?" मलाही तसंच वाटलं. आकडा असा हुबेहूब जुळतो म्हणजे रीत थोडीफार तरी बरोबर असणार ना?

उंटावरचा

ताई, यात गोंधळ २७३ चा आहे. खरा आकडा २७३.१५ असतो. मास्तर कडक असतील तर त्यावरून गुण कापतात. लेकीला सांगा, नेहमी २७३.१५ च घ्यायचे.

पानगळ

नाही हो, पुस्तकाचं उत्तरही २७३ धरूनच आहे. तो मुद्दा नाही.

खटपट्या

मी इंजिनिअर आहे, सांगतो. मुलीची चूक झाली हे खरं, पण पुस्तकाच्या उत्तराबद्दलही मला शंका आहे. वायू दर अंशाला १/२७३ ने फुगतो, हे आम्ही शाळेत घोकलं होतं. म्हणजे २७३ अंश तापवला की १ पट वाढ, अर्थात दुप्पट. सुरुवात २० ला केली, तर २० + २७३ = २९३ अंश सेल्सिअस. मग पुस्तकात ३१३ कसं? छपाईची चूक वाटते.

ताम्रपट

पुस्तक बरोबर आहे. खटपट्या, तुमचं उत्तर बरोबर वीस अंशांनी चुकलंय, आणि ते वीस कुठले हे बघण्यासारखं आहे.

पण आधी पानगळताईंचा प्रश्न. तेहतीस वर्षं हे पेपर तपासले आहेत. हा आकडा जुळण्याचा योग मी इतक्यांदा पाहिलाय की दुप्पट करा असा प्रश्न चाचणीत घालणंच मी पुढे सोडून दिलं होतं.

आधी बरोबर रीत. २० अंश सेल्सिअस म्हणजे २९३ केल्विन. दुप्पट ५८६ केल्विन. सेल्सिअसमध्ये आणायला २७३ वजा करा, ३१३ अंश सेल्सिअस.

लेकीने आधी दुप्पट केली, मग २७३ मिळवले. बरोबर रीतीत आधी २७३ मिळवायचे, मग दुप्पट करायची आणि शेवटी २७३ वजा करायचे. आता अक्षरं घालून बघा:

```
बरोबर:  2 × (t + 273) − 273 = 2t + 273   (°C)
लेकीचे:  2 × t + 273         = 2t + 273   (K)
```

दुप्पट करताना २७३ सुद्धा दुप्पट होतात, त्यातले एक २७३ शेवटी वजा होतात आणि एक शिल्लक राहतात. लेकीने तेवढेच एक २७३ शेवटी टाकले. म्हणून सुरुवातीचं तापमान २० असो, ३५ असो की उणे १० असो, दुप्पटीच्या प्रश्नात चुकीच्या रीतीचा आकडा बरोबर उत्तराशी जुळणारच. एकक मात्र वेगळं येणार.

आणि एककातला हा फरक किरकोळ नाही. ३१३ केल्विन म्हणजे ४० अंश सेल्सिअस, अंगात सणसणीत ताप असला की थर्मामीटर जेवढं दाखवतो तेवढंच. ३१३ अंश सेल्सिअसला कथिल वितळलेलं असतं.

पानगळ

अरे देवा! म्हणजे तिने लिहिलेलं उत्तर खरं तर ४० अंशच आहे, नुसतं कपडे बदलून.

ताम्रपट

अगदी. तिला आता हाच प्रश्न तिप्पटीचा करायला द्या. तिच्या रीतीने ३ × २० = ६०, अधिक २७३, ३३३. बरोबर रीतीने २९३ × ३ = ८७९ केल्विन, म्हणजे ६०६ अंश सेल्सिअस. आकडे जुळायचे नाव घेत नाहीत. तुमचं दहा मिनिटं समजावून होणार नाही ते काम ही एक ओळ करेल.

शाईचा_डाग

मला एक कळत नाही. याच पाठात आम्ही मिलिलिटरचं लिटर करत नाही, मिलिमीटर पाऱ्याचं पास्कल करत नाही, दोन्हीकडे एकच एकक असलं की चालतं. सर म्हणतात "कटून जातं". मग दोन्हीकडे सेल्सिअस असलं तर ते का कटत नाही?

ताम्रपट

प्रश्न फार चांगला आहे, आणि याचं उत्तर न देता "केल्विनमध्येच घ्यायचं" एवढंच सांगितलं जातं, म्हणून मुलं ते शेवटी आठवून कुठेतरी चिकटवतात.

मिलिलिटरचं लिटर करताना तू १००० ने भागतोस. वरच्या आकड्यालाही १००० ने भागलं, खालच्यालाही, तर भागाकार तोच राहतो. मिलिमीटरचं पास्कलही गुणाकारच. दोन्ही एककांचा शून्य एकच आहे, शून्य लिटर म्हणजे शून्य मिलिलिटर. सेल्सिअसचं केल्विन करताना मात्र तू मिळवतोस. वर-खाली दोन्हीकडे एकच संख्या मिळवली तर भागाकार बदलतो. १/२ मध्ये वर-खाली १० मिळवून बघ, ११/१२ होतात.

सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू. पेटीतल्या नायट्रोजनला पाणी कधी गोठतं याच्याशी काय देणंघेणं? त्या शून्यापासून मोजलं तर "४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट" या वाक्याला काही अर्थच उरत नाही. आजची तारीख २० आणि वीस दिवसांनी ४० "तारीख" म्हणजे काळ दुप्पट झाला, असं म्हणण्यासारखं ते आहे.

खटपट्या

पटलं. पण माझ्या वीस अंशांचं काय झालं?

ताम्रपट

तुम्ही जे घोकलंत ते अर्धंच घोकलंत. दर अंशाला १/२७३ ने वाढतो हे खरं, पण कशाच्या १/२७३? शून्य अंश सेल्सिअसला जे आकारमान असतं त्याच्या. तुम्ही ते २० अंशांच्या आकारमानाला लावलंत.

२० अंशांना २५० मिली असेल तर शून्य अंशाला २५० × २७३ / २९३, म्हणजे सुमारे २३३ मिली. त्याचा १/२७३ म्हणजे दर अंशाला ०.८५३ मिली वाढ. २५० चे ५०० करायला आणखी २५० मिली हवेत. २५० भागिले ०.८५३, येतात २९३ अंश. वीसमध्ये २९३ मिळवा, ३१३. २० अंशांपासून निघालात तर दर अंशाची वाढ २५० च्या १/२९३ एवढी आहे, १/२७३ एवढी नाही.

गंमत बघा, तुमच्याही उत्तरात २९३ आले आणि बरोबर रीतीतही २९३ आहेत. बरोबर रीतीत ते सुरुवातीचं केल्विन तापमान होतं, तुमच्याकडे ते शेवटचं सेल्सिअस तापमान झालं. हे प्रकरणच असं आहे, आकडे ओळखीचे चेहरे घेऊन येतात.

खटपट्या

मान्य, मान्य. पण मग सेल्सिअस ठेवूनही गणित सुटतं, हे तर तुम्हीच दाखवलंत.

ताम्रपट

सुटतं. शून्य अंशाचं आकारमान काढून तिथून वाढ मोजलीत तर उत्तर अचूक येतं, कारण त्या १/२७३ मध्येच केल्विन लपलेलं आहे. पण परीक्षेत इतका वळसा कोण घेणार?

पानगळ

लेकीला तिप्पटीचं दिलं. पहिल्यांदा ३३३ काढलं, मग स्वतःच गप्प बसली. आता पेपरातला दुसरा प्रश्न काढून बसली आहे, त्यातही भोपळाच आहे. १७ अंश सेल्सिअस आणि ७२५ मिमी दाबाला वायूचं आकारमान ५०० मिली, तर ० अंश आणि ७६० मिमी दाबाला किती? तिने उत्तर लिहिलंय "० मिली". मी विचारलं, गॅस गेला कुठे? तर म्हणते सूत्रात तसंच येतं.

शाईचा_डाग

हा हा, आमच्या वर्गातही दोघांनी शून्य लिहिलं होतं. एकाने तर पुढे "वायू नाहीसा झाला" असा निष्कर्षही लिहिला.

ताम्रपट

शून्य अंश सूत्रात वर आला म्हणून उत्तर शून्य. तोच सुरुवातीच्या तापमानाचा असता तर भागाकार शून्याने करावा लागला असता आणि कॅल्क्युलेटरने एरर दाखवली असती. उणे अंश घातले असते तर आकारमान उणे आलं असतं. या तिन्ही खुणा दिसल्या की दुसरीकडे चूक शोधायचीच नाही, सरळ तापमानाच्या ओळीवर जायचं. पंचाईत होते ती १७ आणि ४७ सारख्या आकड्यांत, तिथे उत्तर चुकीचं असूनही शहाण्यासारखं दिसतं.

हे गणित लेकीबरोबर करा. कागदावर पहिली ओळ किमतींची, आणि त्या ओळीतच तापमानं बदलून लिहायची. १७ खोडून २९०, ० खोडून २७३. सूत्र अजून लिहायचंच नाही. सूत्र लिहून झाल्यावर बदलायचं ठरवलं की घाईत राहतंच.

```
P1V1/T1 = P2V2/T2
V2 = 500 × (725/760) × (273/290)
   = 449 mL
```

मी ते तीन तुकड्यांत मुद्दाम लिहिलंय. दाब ७२५ वरून ७६० झाला, वाढला, तर वायू आवळणार, म्हणून दाबाचा अपूर्णांक एकापेक्षा लहान हवा. तापमान उतरलं, तरीही आवळणार, म्हणून तोही एकापेक्षा लहान. दोन्ही लहान, तर उत्तर ५०० च्या आत. पहिल्याने साधारण साडेचार टक्के कमी, दुसऱ्याने सहाच्या आसपास. ४४९ बरोबर बसतं. अपूर्णांक उलटा पडला तर इथेच कळतं.

आणि दाब मिमी मध्येच राहू दिला, आकारमान मिलीमध्येच. ते मगाशी म्हटल्याप्रमाणे कटतात. हां, PV = nRT आलं की ही सवलत संपते. तिथे R ची किंमत ०.०८२१ घेतली तर दाब अॅटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्येच हवं.

शाईचा_डाग

सर, एक कबुली. "तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढवले" असं आलं की मी ३० + २७३ = ३०३ केल्विन घेतो. बरोबर ना?

ताम्रपट

चूक! आणि ही चूक हुशार मुलांची, कारण त्यांनी केल्विनचा नियम अगदी मनावर घेतलेला असतो.

"३० अंशाने" आणि "३० अंशापर्यंत" यात फरक आहे. सुरुवात २७ ला असेल आणि ३० ने वाढलं, तर शेवट ५७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३३० केल्विन. किंवा सरळ ३०० + ३०. वाढीमध्ये २७३ मिळवायचे नाहीत, अंशाचा आकार दोन्ही मापांत एकच आहे. तुझ्या रीतीने शेवटचं तापमान ३०३ आलं, म्हणजे ३० ने तापवलेला वायू तीनच अंश तापला. प्रश्नातल्या "ने" आणि "पर्यंत" खाली रेघ मारायची सवय लाव.

उंटावरचा

ताम्रपट सर, २७३.१५ चं तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी चुकीचं बोललो का?

ताम्रपट

आकडा तुमचा बरोबर, जागा चुकली. ३१३ च्या जागी ३१३.१५ येईल, बस्स. २७ वरून १२७ अंशाला गेलेल्या वायूचा भागाकार २७३ धरून १.३३३३ येतो, २७३.१५ धरून १.३३३२. दिलेली मापं तीन अंकी असताना या फरकावर गुण कापणारा परीक्षक मला भेटलेला नाही. प्रश्नात २७३.१५ धरा असं दिलं असेल तर मात्र धरायचं.

खटपट्या

आता माझी एक जुनी शंका काढतो, कारण ती याच जातीची वाटायला लागली आहे. गाडीचं टायर थंड असताना गेजवर ३० पीएसआय होतं. दोन तास चालवल्यावर ३४ च्या वर. लेझर थर्मामीटरने टायर आधी २७, नंतर ५७ अंश दाखवत होतं. केल्विन घेतलं, ३०० आणि ३३०. ३० × ३३० / ३०० = ३३. गेज मात्र ३४ च्या वर. मी तेव्हा समजूत करून घेतली की टायर तापून थोडं फुगतं, म्हणून दाब जास्त दिसतो.

ताम्रपट

टायर फुगलं तर आत जागा वाढेल आणि दाब कमी होईल. तुमची समजूत उलट दिशेने जाते.

तापमानाचा खोटा शून्य तुम्ही पकडलात, दाबाचा सुटला. टायरचं गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते सांगतं. पंक्चर टायरला ते शून्य दाखवतं, पण आत पोकळी थोडीच असते, वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब असतोच. तेव्हा आधी ४४.७ करा, १.१ ने गुणा, ४९.२ येतात, त्यातून १४.७ काढा. ३४.५.

हेही मिळवणं आणि वजा करणंच आहे, म्हणून तेही कटत नाही.

खटपट्या

च्यायला. म्हणजे तीन वर्षं मी टायरला दोष देत होतो. ३४.५ अगदी जुळतं.

ताम्रपट

जुळतं, पण इतक्यात पाठ थोपटू नका. लेझर थर्मामीटर टायरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आतल्या हवेचं नाही. आत हवा ५५ ला होती की ६५ ला, ते त्या मापावरून कळणार नाही. ६५ धरली तर सूत्राने ३५.७ यायला हवे. गेजही अर्ध्या-एक पीएसआयने इकडेतिकडे असू शकतं. तुमचं माप माझ्या बाजूचं आहे, पण साक्षीदार फारसा पक्का नाही.

खटपट्या

आतल्या हवेचं मोजणारा सेन्सर मिळतो बहुतेक. बघतो.

पानगळ

मी मूळ भांडणावर परत येते. रीत चुकली हे आता लेकीलाही मान्य. पण पूर्ण शून्य? तिने चार्ल्सचा नियम ओळखला, आकारमान आणि तापमान एकाच पटीत बदलतात हे लिहिलं. त्याचा अर्धा तरी?

ताम्रपट

मी असतो तर नियम ओळखल्याचा गुण दिला असता. पण ज्यांनी तपासला त्यांचीही बाजू आहे. प्रश्नच केल्विनसाठी घातलेला असेल, तर तेच चुकल्यावर काय उरतं?

शाईचा_डाग

मी तर म्हणतो द्यायला हवा. आमच्याकडे सूत्र लिहिल्याचा एक गुण हमखास मिळतो.

उंटावरचा

आणि मी म्हणतो नको. ३१३ केल्विन म्हणजे ४० अंश. इतकुशा तापवण्याने वायू दुप्पट झाला असता तर उन्हात ठेवलेला प्रत्येक फुगा फुटला असता. उत्तर लिहिल्यावर एवढा विचार यायला नको?

पानगळ

हे वाचून लेक हसली, पण गुणाचा हट्ट सोडलेला नाही. उद्या बाईंशी बोलणार आहे. तिने आता स्वतःच गणित घातलंय, २० अंशाचा वायू निम्मा करायचा. १४६.५ केल्विन, म्हणजे उणे १२६.५ अंश सेल्सिअस. बरोबर का विचारते आहे.

ताम्रपट

आकडेमोड बरोबर. पण तिला विचारा, वायू कोणता? नायट्रोजन असेल तर ठीक, साध्या दाबाला तो उणे १९६ पर्यंत वायूच राहतो. कार्बन डायऑक्साइड असेल तर उणे ७८.५ ला त्याचा बर्फ झालेला असेल, आणि मग चार्ल्सचा नियम लावायला भांड्यात वायू उरणारच नाही.